तीस गुलाम, दहा थापा

पत्त्यांत थाप मारणं म्हणजे चेहऱ्यावरची रेषही न हलू देण्याची कला, असं बहुतेकांना वाटतं. पण चेहरा झाकून ठेवला, आवाज ऐकू येऊ दिला नाही, तरी थापेचं एक गणित उरतंच, आणि ते चेहऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. हेरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली दोघांच्या पोकरचा अगदी छोटा नमुना मांडला. त्यात पत्ते फक्त तीन. त्याहूनही सोपं रूप घेतलं तर सगळा हिशेब कागदाच्या तुकड्यावर मावतो.

मामा आणि भाची खेळायला बसले आहेत, पैशांऐवजी चिंचोके आहेत. मामांच्या हातात कायम राणी, आणि हे दोघांनाही माहीत आहे. भाचीला प्रत्येक डावात राजा किंवा गुलाम यांपैकी एक पान मिळतं, दोन्हींची शक्यता सारखी. राजा राणीला हरवतो, राणी गुलामाला. डाव सुरू होताना दोघांनीही एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. मग भाचीने पान पाहून ठरवायचं: गप्प राहायचं, की आणखी एक चिंचोका टाकून चाल करायची. गप्प राहिली तर लगेच पानं उघडतात. चाल केली तर मामांपुढे दोन वाटा असतात. पॅक करून मधले चिंचोके सोडून द्यायचे, नाहीतर आपलाही एक टाकून शो मागायचा.

साठ डाव झाले असं धरू. साधारण तीस वेळा राजा येईल, तीस वेळा गुलाम.

समजा, भाची सरळमार्गी आहे. राजा आला की चाल, गुलाम आला की गप्प. मामांच्या हे लवकरच लक्षात येतं आणि भाचीने चाल केली की ते मुकाट्याने पॅक करतात. त्यामुळे राजाच्या प्रत्येक डावात भाची मामांचा सुरुवातीचा एकच चिंचोका जिंकते आणि गुलामाच्या डावात स्वतःचा एक घालवते. तीस आले, तीस गेले. हाती शून्य. सगळ्यात मोठं पान मिळूनही तिला त्याचं मोल मिळत नाही, कारण तिची चाल म्हणजे मामांसाठी उघडलेलं पानच असतं.

आता समजा ती दुसऱ्या टोकाला गेली आणि प्रत्येक डावात चाल करू लागली. मग मामा दर वेळी शो मागतील. राजावर तिला दोन-दोन मिळतील, गुलामावर दोन-दोन जातील. साठ आले, साठ गेले. पुन्हा शून्य.

दोन्ही टोकांना काहीच हाती लागत नाही. मग मधल्या वाटेने जाऊ. राजा आला की ती चाल करतेच, आणि तीस गुलामांपैकी दहांवरही करते. म्हणजे एकूण चाळीस चाली, त्यांतल्या तीस खऱ्या, दहा थापा. उरलेले वीस गुलाम ती गप्प राहून हरते. मामा काय करतील?

त्यांनी दर वेळी शो मागितला तर तीस राजांपुढे त्यांचे साठ चिंचोके जातात. दहा थापा पकडल्याचे वीस मिळतात, आणि भाची गप्प राहिलेल्या वीस डावांचे आणखी वीस. एकूण वीसचा तोटा. त्यांनी दर वेळी पॅक केलं तर चाळीस चालींवर चाळीस जातात आणि गप्प डावांतून वीस येतात. तोटा तोच, वीस. कधी शो, कधी पॅक असं केलं तरी सरासरीने आकडा वीसच राहतो. कारण तीनास एक हे प्रमाण नेमकं बेतलेलं आहे. भाचीने चाल केल्यावर मध्ये तीन चिंचोके असतात आणि शो मागायला मामांना एक घालावा लागतो. चार चालींत एक थाप असेल तर थाप पकडून तीन मिळतात आणि तीन राजांपुढे एकेक करून तेवढेच जातात. शो मागणं आणि पॅक करणं मामांना सारखंच पडतं. भाचीने हे प्रमाण मामांना आधीच सांगून टाकलं, तरी तिचं काही बिघडत नाही.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढे आहे. हे वीस चिंचोके नेमके कुठून आले? मामा शहाणे असतील तर तेही मिसळून खेळतील: तीन चालींपैकी दोनदा शो मागतील, एकदा पॅक करतील. तेव्हा दहा थापांचा हिशेब मांडून पाहा. सरासरीने तिसरा हिस्सा थापा पचतील आणि प्रत्येकी एक चिंचोका देतील. दोन तृतीयांश पकडल्या जातील आणि प्रत्येकी दोन घेऊन जातील. गोळाबेरीज दहाचा तोटा, म्हणजे त्या दहा डावांत ती नुसती गप्प राहिली असती तरी गेले असते तेवढेच. थापेने स्वतः दमडीही मिळवलेली नाही. कमाई झाली ती राजावर. तीस राजांपैकी वीसांवर मामांनी शो मागितला आणि दोन-दोन दिले, दहांवर पॅक करून एकेक दिला. तीसचे पन्नास झाले. गुलामांवरचे तीस वजा केले की उरतात वीस. मामा शो मागायला तयार होतात ते थापेच्या संशयामुळे, आणि त्या संशयाची किंमत ते राजापुढे मोजतात.

म्हणून पकडली गेलेली थाप वाया गेली असं समजणं चूक आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन केलं, त्यात थापेचे हे दोन हेतू वेगळे काढून दाखवले आहेत. एक, हात कच्चा असताना पक्का भासवणं. दुसरा, हात पक्का असताना तो कच्चा असेल अशी शंका जागी ठेवणं.

प्रमाण चुकलं की मात्र मामांना वाव मिळतो. तीसपैकी तीनच गुलामांवर थाप मारली तर त्यांनी सरसकट पॅक करावं. भाचीची कमाई वीसवरून सहावर येते. वीस गुलामांवर मारली तर सरसकट शो मागावा. कमाई दहावर येते. चालीची रक्कम बदलली की प्रमाणही बदलतं. एकाऐवजी दोन चिंचोक्यांची चाल असेल तर निम्म्या गुलामांवर थाप मारणं योग्य ठरतं, कारण शो मागणं मामांना महाग पडतं.

प्रमाण बरोबर असूनही घात होऊ शकतो तो निवडीत. दर तिसऱ्या गुलामावर थाप, असा नियम ठेवला तर मामा मोजू लागतील. मनाला येईल तेव्हा म्हटलं, तर मन ठसे सोडतं: नुकतीच थाप पकडली गेली की माणूस बिचकतो, हरत आला की उतावीळ होतो. त्यावर हातातलं घड्याळ हा एक साधा उपाय आहे. पान पाहिल्यावर सेकंदकाटा बारा ते चारच्या दरम्यान असेल तर थाप मारायची, नसेल तर गप्प राहायचं. फक्त राजा आला तरी घड्याळाकडे तसंच पाहायचं, नाहीतर नजरच पान सांगून टाकेल.

हे वीस चिंचोके म्हणजे खात्रीची कमाई आहे, जास्तीत जास्त नव्हे. मामा भित्रे असतील आणि तीन चालींपैकी एकदाच शो मागत असतील, तर भाचीने सगळ्याच गुलामांवर थाप मारावी. तिचे वीसचे चाळीस होतील. पण तसं करताना तिने संरक्षण सोडलेलं असतं. मामांनी ते ओळखलं आणि दर वेळी शो मागू लागले, की ती पुन्हा शून्यावर.

कूनच्या मूळ खेळात तीन पानांतलं कुठलंही पान कुणालाही येऊ शकतं आणि दोघांनाही चाल करता येते. तिथेही पहिल्या खेळाडूने राजावर जितक्या प्रमाणात चाल करावी त्याच्या एक तृतीयांश प्रमाणात गुलामावर करावी, असंच उत्तर निघतं. त्या उत्तरात त्याला थाप पूर्ण वर्ज्य करायचीही मुभा आहे. पण मग त्याने राजावरही स्वतःहून चाल करायची नसते.