ईसॉपची योजना शेवटून वाचा

कंपनीने ईसॉप दिले की घरात पहिला हिशोब होतो तो शेअरच्या आजच्या किमतीने. ऑप्शन ४,८००, शेअरची किंमत ४५० रुपये, म्हणजे साडेएकवीस लाख! हा आकडा फसवा असतो. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हेत. ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी शेअर विकत घेण्याचा तो हक्क आहे. पैसे भरून शेअर नावावर होईपर्यंत ना लाभांश मिळतो, ना मत देता येतं.

हल्ली काही कंपन्या ग्रँट लेटरसोबत योजनेचा मराठी तर्जुमाही देतात. तो पंचवीस-तीस पानांचा असतो आणि वाचणारा बहुधा पहिल्या पाचातच थकतो. माझा सल्ला असा, की वाचन मागून सुरू करावं. नोकरी सोडणाऱ्याचं काय होतं, ते कलम तिथे असतं आणि ऑप्शनची खरी किंमत बरेचदा तेच ठरवतं.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. समजा, एका इंजिनिअरला १ जून २०२१ रोजी ४,८०० ऑप्शन मिळाले. खरेदीची किंमत, म्हणजे एक्सरसाइज प्राइस, ५० रुपये. वेस्टिंग चार वर्षांचं. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच हाती लागत नाही. याला क्लिफ म्हणतात. १ जून २०२२ ला एकदम चौथा हिस्सा, १,२०० ऑप्शन, त्याच्या हक्काचे झाले. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला १००. ‘वेस्ट झाले’ याचा अर्थ एवढाच, की आता ते वापरता येतील. मे २०२२ मध्ये नोकरी सोडली असती, तर अकरा महिने काम करूनही हाती शून्य आलं असतं. पहिल्या वर्षाची ही अट कंपनीच्या मर्जीवर नाही. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांतला नियम १२ सांगतो, की ऑप्शन देणं आणि वेस्ट होणं यांत किमान एक वर्ष गेलंच पाहिजे.

या इंजिनिअरने २२ डिसेंबर २०२३ ला राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची, त्यामुळे कामाचा शेवटचा दिवस २० फेब्रुवारी २०२४. आता त्याचे किती ऑप्शन वेस्ट झाले? शेवटचा दिवस धरला तर फेब्रुवारीपर्यंतचे वीस हप्ते, म्हणजे २,००० अधिक १,२००, एकूण ३,२००. राजीनाम्याची तारीख धरली तर अठराच हप्ते मोजले जातात आणि आकडा ३,००० वर थांबतो. दोनशे ऑप्शन तारखेच्या व्याख्येत गेले.

मुदतीचंही तेच. वेस्ट झालेले ऑप्शन ९० दिवसांत वापरले नाहीत तर बाद, असं पुष्कळ योजनांत लिहिलेलं असतं. हे ९० दिवस बहुधा अमेरिकेतून आले आहेत. तिथे एका प्रकारच्या ऑप्शनची करसवलत टिकवायची, तर नोकरी सुटल्यापासून तीन महिन्यांत ते वापरावे लागतात. आपल्याकडे त्या सवलतीचा काही संबंध नाही आणि नियम १२ मध्येही ९० दिवसांची सक्ती नाही; मुदत कंपनीने ठरवायची आहे. पण मसुदे एकमेकांवरून उतरतात, तशी मुदतही उतरते. आपल्या इंजिनिअरची मुदत शेवटच्या दिवसापासून मोजली तर २० मे २०२४ ला संपते. राजीनाम्याच्या तारखेपासून मोजली तर २१ मार्चलाच.

मराठी प्रत इथेच दगा देऊ शकते. मूळ मसुद्यात नोटीस देण्याची तारीख आणि रोजगार संपण्याची तारीख या वेगळ्या व्याख्या असतात. तर्जुम्यात दोन्हींच्या जागी ‘नोकरी सोडल्याची तारीख’ असं सरसकट आलं, की वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. आणि मराठी व इंग्रजीत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जाईल, हे वाक्य अशा योजनेत बहुतेक वेळा असतंच. म्हणून निदान व्याख्यांचं पान आणि नोकरी सोडण्याचं कलम, ही दोन तरी इंग्रजी प्रतीशी ताडून पाहावीत.

आता पैशांचं. ३,२०० शेअर ५० रुपयांनी घ्यायला १ लाख ६० हजार लागतील. त्या दिवशी शेअरचं अधिकृत मूल्यांकन ४५० रुपये असेल, तर प्रत्येक शेअरमागचा ४०० रुपयांचा फरक पगारासारखंच उत्पन्न मानला जातो. म्हणजे १२ लाख ८० हजार रुपये. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह कर होतो ३ लाख ९९ हजार ३६०. कंपनी ही रक्कम सहसा शेअर देण्याआधीच मागून घेते. एकूण साडेपाच लाखांवर रोख उभी करायची, तीही नवी नोकरी नुकती धरलेली असताना. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर घेतलेले शेअर लगेच विकायला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. पुढे भाव पडला तरी भरलेला कर परत मिळत नाही. ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमधल्यांना हा कर पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की ती सवलतही संपते. कित्येक जण याच कारणाने वेस्ट झालेले ऑप्शन सोडून देतात, आणि ते नेहमीच मूर्खपणाचं असतं असंही नाही.

सोडून जाणाऱ्यांचे योजनेत दोन वर्ग असतात, गुड लीव्हर आणि बॅड लीव्हर. मृत्यू, कायमचं अपंगत्व, निवृत्ती, कंपनीने केलेली कपात हे सहसा पहिल्या वर्गात. अफरातफर, गंभीर गैरवर्तन, गुपितं फोडणं हे दुसऱ्यात. दुसऱ्या वर्गात पडलं, की पुष्कळदा वेस्ट झालेलेही ऑप्शन जातात. साधा राजीनामा कुठे बसतो हे शोधा. काही परदेशी योजनांत तो सरळ बॅड लीव्हरमध्ये टाकलेला असतो. प्रतिस्पर्धी कंपनीत गेल्यास आधी घेतलेले शेअरही मूळ किमतीला परत घेऊ, अशी अटही सापडते. गैरवर्तन झालं की नाही हे कोण ठरवणार, तेही पाहा. ‘संचालक मंडळाचा निर्णय अंतिम’ असं लिहिलेलं असेल तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

कायद्याने काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. नोकरीत असताना मृत्यू आला, तर तोवर दिलेले सगळे ऑप्शन, वेस्ट न झालेलेसुद्धा, वारसाच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या हक्काचे होतात. कायमचं अपंगत्व आलं तर ते त्याच दिवशी कर्मचाऱ्याचे होतात. राजीनामा दिला तर मात्र वेस्ट न झालेले बाद. आपल्या इंजिनिअरचे उरलेले १,६०० असेच गेले. हे संरक्षण भारतीय कंपनीने आपले शेअर देऊ केले असतील तेव्हाचं. ऑप्शन परदेशातल्या मूळ कंपनीचे असतील तर नियम १२ त्या कंपनीला लागू होत नाही. तिथे मुख्यतः योजनेचा कागद आणि त्या देशाचा कायदा चालतो.

तेव्हा राजीनाम्याची ईमेल पाठवण्याआधी एचआरकडून लेखी उत्तर घ्या: शेवटच्या दिवशी माझे किती ऑप्शन वेस्ट झालेले असतील, वापरायची शेवटची तारीख कोणती, आणि त्या दिवशी कर धरून एकूण किती रुपये भरावे लागतील. क्लिफ किंवा पुढचा हप्ता चार-आठ दिवसांवर असेल तर तेवढं थांबा.