पित्ताशयामागची काळी पट्टी

रेडिओलॉजीच्या परीक्षेत हमखास विचारलं जाणारं एक चित्र आहे. सोनोग्राफीच्या करड्या पडद्यावर काळंभोर, लांबट पित्ताशय दिसतं. त्याच्या तळाशी एक लख्ख पांढरा ठिपका आहे आणि ठिपक्यापासून एक काळी पट्टी थेट पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत गेलेली आहे. पित्ताशयाच्या उरलेल्या भागामागचं यकृत मात्र आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसतं. विद्यार्थ्याला विचारतात, ही पट्टी कशाची आणि हा उजाळा कशाचा?

शरीर उघडून पाहिलं तर त्या जागी ना काळी पट्टी सापडेल, ना उजळ यकृत. सोनोग्राफीतल्या अशा आभासांना आर्टिफॅक्ट म्हणतात. त्यांची यादी पाठ करणारे विद्यार्थी नेहमीच्या चित्रात तरतात आणि जरा वेगळं चित्र आलं की अडखळतात. खरं तर यादीची गरज नाही. मशीन काय गृहीत धरतं, एवढं कळलं की प्रत्येक आभासाचा उलगडा होतो.

पोटाच्या तपासणीचा प्रोब साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झचा ध्वनी शरीरात सोडतो. माणसाला ऐकू येणाऱ्या ध्वनीची मर्यादा 20 किलोहर्ट्झ, म्हणजे हा ध्वनी त्याच्या शेकडो पटींनी वरचा. प्रोब एक छोटा स्पंद सोडतो आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहतो. दोन वेगळ्या ऊती जिथे भेटतात तिथून थोडा ध्वनी परततो. तो किती वेळाने आला यावरून मशीन खोली ठरवतं आणि किती जोरात आला यावरून ठिपका किती उजळ काढायचा ते ठरवतं. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर आहे असं मशीन धरून चालतं. त्या हिशेबाने एक सेंटिमीटर आत जाऊन परत यायला 13 मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी 130 मायक्रोसेकंदांनी आला, तर ठिपका 10 सेंटिमीटर खोलीवर उमटतो. प्रोबखाली जेल लावतात तेही यासाठीच. त्वचा आणि प्रोब यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो.

या हिशेबात तीन गोष्टी गृहीत आहेत. ध्वनीचा वेग सगळीकडे सारखा असतो, ध्वनी सरळ जातो आणि एकदाच आपटून सरळ परततो, आणि खोली वाढेल तसा तो सगळीकडे सारख्याच प्रमाणात क्षीण होतो. पित्ताशयाच्या चित्रात यातलं तिसरं गृहीत मोडलेलं आहे.

खोलवरून येणारा प्रतिध्वनी वाटेत क्षीण होतो, म्हणून मशीन उशिरा आलेल्या प्रतिध्वनीला जास्त वाढवून दाखवतं. याला टीजीसी म्हणतात. मशीनच्या पॅनलवर सरकत्या बटणांची जी उभी रांग असते, ती याचीच. आता पित्ताशयात पित्त, म्हणजे पातळ द्रव. त्यातून जाताना ध्वनी फारसा खर्च होत नाही. मशीनला हे ठाऊक नसतं. ते नेहमीच्या ऊतीच्या हिशेबानेच भरपाई करतं आणि पलीकडचं यकृत वाजवीपेक्षा उजळ दिसतं. खड्याजवळ नेमकं उलट घडतं. खडा बराच ध्वनी परतवतो, उरलेला शोषतो. मागे काही पोहोचतच नाही, त्यामुळे वाढवायलाही काही उरत नाही आणि काळी पट्टी उमटते. उजाळा आणि सावली यांचं कारण असं एकच आहे. परीक्षेत एवढं दोन वाक्यांत लिहिता आलं की उत्तर पुरं झालं.

पण प्रश्न इथे थांबत नाही. पुढच्या चित्रात पित्ताशयाच्या वळणदार मानेपासून अशीच काळी पट्टी निघालेली असते. इथेही खडा असेल का? पट्टीच्या उगमाशी नीट पाहावं. तिथे पांढरा ठिपका नाही. वक्र कडेला तिरका लागून ध्वनी वाकला आणि विखुरला, म्हणून कडेमागे सावली पडली. दुसरं गृहीत, सरळ जाण्याचं, इथे मोडलं. प्रोबचा कोन बदलला की ही सावली सरकते किंवा नाहीशी होते. शेजारच्या लहान आतड्यातला वायूही पट्टी पाडतो, पण ती स्वच्छ काळी नसते. वायू आणि प्रोब यांच्यात ध्वनी पुन्हा पुन्हा आपटत राहतो, म्हणून ती सावली धुरकट, करडी दिसते.

शंका उरलीच तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात. खडा घरंगळून खालच्या बाजूला जातो आणि सावलीही त्याच्याबरोबर जाते. भिंतीला चिकटलेला पॉलिप जागचा हलत नाही आणि सहसा सावलीही पाडत नाही. ही तपासणी उपाशीपोटी करतात, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि मग खडा पाहायला आत मोकळी जागाच राहत नाही.

दुसऱ्या गृहीताचा आणखी एक फसवा नमुना यकृताच्या वरच्या भागात दिसतो. यकृतात हिमॅन्जिओमा नावाची रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ आहे आणि ती उजळ दिसते आहे असं समजा. तिच्यावर श्वासपटल आणि त्यापलीकडे हवेने भरलेलं फुफ्फुस. ही हद्द ध्वनीला जवळजवळ आरशासारखी परतवते. काही ध्वनी आधी श्वासपटलावर आपटतो, तिथून गाठीकडे जातो, पुन्हा श्वासपटलावर येतो आणि मग प्रोबकडे परततो. या वळशाने उशीर होतो. मशीनला वळसा कळत नाही, फक्त उशीर कळतो. म्हणून ते तीच गाठ श्वासपटलाच्या पलीकडे, फुफ्फुसात काढून दाखवतं. श्वासपटलाच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्या अंतरावर सारख्या गाठी दिसल्या, तर आतली खरी आणि पलीकडची प्रतिमा.

याचा उपयोग उलट्या बाजूनेही होतो. श्वासपटलावर छातीच्या पोकळीत पाणी साचलं असेल तर ध्वनीला आरसाच उरत नाही. मग यकृताची प्रतिमा पलीकडे न दिसता तिथे काळं पाणी आणि कधी त्यामागे मणके दिसतात. नेहमीची प्रतिमा नाहीशी होणं ही पाणी साचल्याची खूण ठरते.

पहिलं गृहीत, वेगाचं, सहसा थोडकंच फसवतं. चरबीत ध्वनीचा वेग साधारण 1450 मीटर असतो. 5 सेंटिमीटर चरबी ओलांडायला जास्त वेळ लागतो आणि मशीन ती सुमारे 5.3 सेंटिमीटर समजतं. त्यामागच्या गोष्टी तेवढ्या खोल सरकलेल्या दिसतात.

सावलीवर विसंबतानाही एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. दोन-तीन मिलिमीटरचा खडा सावली पाडेलच असं नाही. त्या खोलीवर ध्वनीचा झोत खड्याहून रुंद असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी ध्वनी मागे पोहोचतो आणि पट्टी भरून निघते. अशा वेळी झोताचा फोकस नेमका खड्याच्या खोलीवर आणायचा आणि खोली परवानगी देईल तेवढी फ्रिक्वेन्सी वाढवायची. झोत अरुंद झाला की कित्येकदा हरवलेली सावली दिसू लागते. ती तरीही दिसली नाही, पण ठिपका कूस बदलताच हलत असेल, तर खडा नाही असं लिहू नये. सावली असणं हा खड्याचा भक्कम पुरावा आहे, पण नसणं हा खडा नसल्याचा पुरावा नाही. परीक्षेच्या उत्तरात आणि रुग्णाच्या रिपोर्टमध्ये हा फरक सारखाच पाळायचा असतो.