दोनशे किलोचा भार आणि चार चाकांची अडत

इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत १९व्या शतकाच्या सुरुवातीला एक अजब कारखाना उभा राहिला. तिथे फक्त कप्प्या बनत. मार्क ब्रुनेल यांनी आराखडे काढले, हेन्री मॉड्स्ले यांनी यंत्रं घडवली आणि १८०८ साली त्या ४५ यंत्रांवर वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार कप्प्या निघू लागल्या. शिडाच्या एकेका युद्धनौकेला कप्प्या शेकड्यांनी लागत. शीड चढवा, तोफ मागे ओढा, पाण्याचं पिंप वर घ्या, प्रत्येक कामाला दोर आणि कप्पी. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ची नौका आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात उभी आहे. तिच्या डोलकाठ्यांखाली उभं राहून वर पाहिलं की एवढ्या कप्प्या कशाला, हा प्रश्न पडत नाही.

पण कप्पी माणसाची ताकद वाढवते म्हणजे नक्की किती, याचं शाळेतलं उत्तर अर्धंच खरं आहे. पुस्तक सांगतं की भार पेलणारे दोर मोजा आणि भाराला त्या संख्येने भागा. दोन चाकांची एक कप्पी वर तुळईला, दोन चाकांची दुसरी खाली भाराला, दोराचं एक टोक वरच्या कप्पीला बांधलेलं आणि दुसरं वरच्याच चाकावरून उतरून आपल्या हातात. खालच्या कप्पीला चार दोर उचलून धरतात, म्हणून २०० किलोच्या भाराला ५० किलोची ओढ पुरायला हवी. प्रत्यक्षात तेवढ्या ओढीने भार जागचा हलत नाही.

कारण प्रत्येक चाक आपली अडत कापून घेतं. साध्या आसावर फिरणाऱ्या चाकाला ही अडत साधारण १० टक्के धरली तर जुन्या हिशेबाच्या फार लांब जात नाही. म्हणजे चाकाच्या एका बाजूला १०० किलोचा ताण हवा असेल तर दुसऱ्या बाजूने ११० किलोने ओढावं लागतं. आता हातापासून सुरुवात करू. आपण ज्या जोराने ओढतो त्याला १ म्हणू. पहिल्या चाकापलीकडे दोरात ०.९१ उरतो, दुसऱ्यापलीकडे ०.८३, तिसऱ्यापलीकडे ०.७५, चौथ्यापलीकडे ०.६८. हे चारही दोर मिळून भार उचलतात आणि त्यांची बेरीज होते ३.१७. चार नव्हे! २०० भागिले ३.१७, म्हणजे ६३ किलो. शाळेतल्या ५० आणि खऱ्या ६३ यांतला फरक म्हणजे घर्षण. भार एक मीटर वर न्यायला दोर चार मीटर ओढावाच लागतो, त्यात सवलत नाही. म्हणून घातलेल्या कष्टांपैकी ७९ टक्केच भाराला पोचतात.

यावर घाईने सुचणारा उपाय म्हणजे आणखी चाकं लावणं. सहा चाकांना ओढ ४६ किलोवर येते, आठांना साडेसदतीसवर. चाकं चाराची आठ केली तरी ओढ निम्मी होत नाही, आणि दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. १० टक्क्यांची अडत असेल तर असंख्य चाकं लावूनही दहापट फायदा ओलांडता येत नाही. अशा कप्प्यांच्या एकाच संचाने २०० किलोचा भार २० किलोच्या ओढीने उचलण्याची आशा सोडलेली बरी. दोन संच एकापुढे एक जोडले, म्हणजे पहिल्याच्या ओढत्या दोरालाच दुसरा बांधला, तर मात्र तीच आठ चाकं ३.१७ गुणिले ३.१७, म्हणजे दहापट देतात. त्याची किंमत एका मीटरला १६ मीटर दोर. आर्किमिडीजने कप्प्यांच्या जोरावर एकट्याने भरलेलं जहाज ओढल्याची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. ती खरी मानायची तर असं काहीतरी करावं लागलं असणार.

अडत येते कुठून? मोठा वाटा आसाचा. १८० अंशांत वळलेल्या दोरामुळे चाकाच्या आसावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार पडतो. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर, आसाचा २०, आणि घर्षणगुणांक ०.१५ असेल तर तोटा २ गुणिले ०.१५ गुणिले ०.२, म्हणजे ६ टक्के. उरलेला दोराचा: जाड, कडक दोर वळताना आणि परत सरळ होताना जोर खातो, शिवाय बाजूच्या फळ्यांना घासतो. याच गणितात उपायही आहे. तोच आस ठेवून चाक दुप्पट व्यासाचं घेतलं की आसाचा तोटा ६ वरून ३ वर येतो. जुन्या जहाजी कप्प्यांची चाकं लिग्नम व्हायटी या लाकडाची असत. ते पाण्यात बुडण्याइतकं जड आहे आणि अंगच्याच तेलाने स्वतःला वंगण घालतं.

बिघाड ओळखायचा असेल तर भार चढताना दोर हाताने चाचपून पाहावेत. ताण हातापासून दूर जाताना हळूहळू उतरत गेला पाहिजे. मध्येच एकाएकी ढिला दोर लागला तर त्याच्या अलीकडचं चाक अडकलं आहे. गंजलेलं चाक मुळीच फिरलं नाही तर दोर त्यावरून घासत जातो आणि निम्म्याहून अधिक ताण खातो. तोटा किती, हे कोणतं चाक अडकलं त्यावर आहे. शेवटचं अडकलं तर आपली ओढ ६३ वरून ७१ वर जाते. हाताजवळचं पहिलं अडकलं तर १२६ वर! पुन्हा झिजतंही पहिलंच जास्त, कारण भार एक मीटर चढताना त्यावरून चार मीटर दोर जातो आणि शेवटच्यावरून एकच.

अडत मोजायला भंगारवाल्याकडे असतो तसा लटकवायचा काटा पुरे. तो ओढत्या टोकाला बांधून भार संथ, एका वेगाने चढवायचा आणि आकडा टिपायचा, मग तसाच उतरवायचा. उतरताना घर्षण आपल्या बाजूने लढतं, म्हणून आकडा ६३ ऐवजी ३९च्या आसपास येतो. या दोहोंच्या मधल्या कोणत्याही ओढीला भार जागीच राहतो. म्हणूनच थांबलेल्या भारावर घेतलेला आकडा फसवा असतो. चढतीला उतरतीने भागलं की १.६१ मिळतात. चार चाकांच्या या बांधणीत त्याचं पाचवं मूळ काढायचं: १.१, म्हणजे दर चाकाला १० टक्के. पुढच्या वर्षी हेच गुणोत्तर २ आलं तर अडत १५ टक्क्यांवर गेली आणि आस काढून पुसायची वेळ झाली.

राहता राहिली तुळई. खालून माणूस ६३ किलोने ओढत असतो, म्हणून वरच्या हुकावर २०० नव्हे, २६३ किलो आणि कप्प्यांचं वजन येतं. पहिलं चाक अडकलं तर सव्वातीनशेच्याही वर. हुक निवडताना भाराचं वजन पाहू नका, ही बेरीज पाहा, आणि संच टांगण्याआधी हाताजवळचं चाक बोटाने फिरवून बघा.