बल्ब घेण्याआधी होल्डर बघा

दुकानात जाऊन नुसतं 'नऊ वॉटचा एलईडी द्या' म्हटलं, तर हातात बहुधा पिनचा बल्ब पडतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत तोच होल्डर सर्रास असतो. टोपीच्या दोन बाजूंना बारीक पिना असतात, बल्ब आत दाबून जरा फिरवला की त्या खाचेत अडकतात. खोक्यावर त्याला 'बी २२' लिहिलेलं असतं. २२ म्हणजे टोपीचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

नव्या शोभेच्या दिव्यांत मात्र आट्यांचा होल्डर जास्त दिसतो. त्यातला मोठा 'ई २७', तर झुंबरात बसणारा बारीक 'ई १४'. इथेही आकडा व्यासाचाच, त्यामुळे जुन्या बल्बच्या आट्यांवर आडवी पट्टी धरली की लगेच उलगडा होतो.

या दोघांत सुरक्षिततेचा एक फरक आहे. पिनच्या बल्बला वीज तळाच्या दोन ठिपक्यांतून मिळते. आट्यांच्या बल्बला एक जोड तळाशी असतो आणि दुसरा म्हणजे त्या आटेच. म्हणून होल्डर जोडताना फेज तळाच्या मधल्या पत्रीला आणि न्यूट्रल आट्यांना गेलं पाहिजे. वायर उलट जोडली तरी दिवा लागतो, पण बल्ब फिरवताना बोट आट्यांना लागलं तर झटका बसू शकतो. नवा होल्डर बसवून घेताना वायरमनला हे तपासायला जरूर सांगा, आणि बल्ब बदलताना मेन स्विच बंदच ठेवा.

सर्वात जास्त घोळ होतो तो फॉल्स सीलिंगमधल्या स्पॉटलाइटचा. समोरून दोन्ही दिवे सारखेच दिसतात, म्हणून मागची बाजू बघायची. पिनांची टोकं जाडसर असतील आणि बल्ब फिरवून बसत असेल, तर तो 'जीयू १०', घरच्या २३० व्होल्टवर थेट चालणारा. पिना बारीक, सरळ आणि नुसत्या खुपसायच्या असतील, तर तो 'जीयू ५.३', बहुधा १२ व्होल्टचा. त्याच्यामागे छतात ट्रान्सफॉर्मर दडलेला असतो.

समजा, अशा १२ व्होल्टच्या होल्डरमधला ५० वॉटचा हॅलोजन काढून तुम्ही ५ वॉटचा एलईडी लावला. पिना नीट बसल्या, तरी दिवा लुकलुकतो. दोष बऱ्याचदा बल्बचा नसतो. हॅलोजनसाठीच्या अनेक इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरना चालायला ठरावीक किमान भार लागतो, आणि ५ वॉट त्याला कमी पडतात. अशा वेळी बल्ब परत करण्याऐवजी ट्रान्सफॉर्मर बदलून १२ व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर बसवावा.

पिनच्या होल्डरमध्ये आट्यांचा बल्ब बसवणारे अडॅप्टर मिळतात. त्याने बल्ब खाली लोंबतो, शेडबाहेर डोकावतो आणि सगळं वजन जुन्या होल्डरवर येतं. होल्डरचं बॅकेलाइट काळवंडलेलं किंवा तडकलेलं असेल, तर अडॅप्टरच्या नादी न लागता होल्डरच बदलावा. आणि दुकानात जाताना जुना बल्ब बरोबर न्या, गेलेला असला तरी.