राउटर बंद करून चालू केला की काय पुसलं जातं?

रात्री आठ-साडेआठला घरातलं नेट अडतं, तेव्हा ते पूर्ण बंद पडलेलं असतंच असं नाही. बाबांचा व्हिडिओ कॉल सुरळीत चालू असतो आणि मुलीच्या फोनवर मात्र नवीन पान उघडतच नाही. आजी म्हणतात, "अगं, ते बंद करून चालू कर ना." आजींचा उपाय लागू पडतो. का, ते कळायला राउटरच्या आत डोकवावं लागतं.

घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, लॅपटॉप यांना राउटर वेगवेगळा पत्ता देतो, उदाहरणार्थ 192.168.1.5. बाहेर इंटरनेटवर मात्र सहसा सगळं घर एकाच पत्त्याने ओळखलं जातं. मग आलेलं उत्तर कुणाकडे पाठवायचं? त्यासाठी राउटर एक नोंदवही ठेवतो : कोणत्या उपकरणाने, कोणत्या क्रमांकाच्या पोर्टमधून, कोणत्या वेबसाइटशी जोडणी केली. बातम्यांचं एक पान उघडलं तरी डझनभर नोंदी होतात. टॉरेंट लावलं तर शेकडो.

जोडणी रीतसर संपली की नोंद खोडली जाते. पण कुणी फोन घेऊन बाहेर पडलं किंवा लॅपटॉपचं झाकण मिटलं, तर जोडणी संपल्याचा निरोप राउटरपर्यंत पोहोचतच नाही आणि नोंद अडकून राहते. बरेच राउटर लिनक्सवर चालतात. त्यात अशा गप्प पडलेल्या जोडणीसाठी थांबायची मूळ मुदत तब्बल ५ दिवस आहे. अनेक उत्पादक ती कमी करतात. मेमरी बेताची असल्याने नोंदींना मर्यादा असते. ती भरली की जुन्या जोडण्या चालतात, नव्या नाकारल्या जातात. कॉल चालू आणि पान बंद, याचं हे एक नेहमीचं कारण.

ही वही रॅममध्ये असते. वीज गेली की रॅम कोरी होते. त्यासोबत आठवडेच्या आठवडे चालून मेमरी अडवून बसलेले किंवा गोठलेले प्रोग्रामही नव्याने सुरू होतात, आणि राउटर कंपनीशी पुन्हा लॉगिन करतो.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मात्र फ्लॅश मेमरीत असतात, त्यांना धक्का लागत नाही. मागच्या बारीक भोकातलं रिसेटचं बटण टाचणीने दाबून धरलं, तर तेही पुसलं जातं आणि मग अनेकदा नेटवाल्याला बोलवावं लागतं. म्हणून स्विच बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक राहते. चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही.

फायबरच्या डब्यावर LOS समोर लाल दिवा असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत येत नाहीये. तिथे हा उपाय फुकट जातो. आणि रोजच बंद-चालू करावं लागत असेल, तर राउटर बंद कपाटात तापतोय का, अ‍ॅडॅप्टर कमजोर झालाय का, टॉरेंट रात्रभर चालू राहतंय का, हे आधी बघावं. नेटवाल्याला फोन करताना "नेट बंद आहे" एवढंच न सांगता जुनं चालतंय आणि नवं उघडत नाही, हे सांगितलं, तर लाइन तपासत बसण्याऐवजी तो थेट राउटरकडे वळेल.