वाळूवरची साय

घरगुती मंदवाळू गाळणीची धार जोरात पडू लागली, की मला शंका येते. वाळू गाळ अडवते हे खरे. पण जिवाणू तिच्या कणांमधल्या फटींहून कितीतरी बारीक असतात. त्यांना मुख्यतः रोखते ती वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरांत वाढणारी सूक्ष्मजीवांची साय. तिथले जीव पाण्यातून आलेल्या जंतूंना खातात. साय धरायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर पाणी उकळूनच प्यावे.

कॅनडातील डेव्हिड मान्झ यांनी १९९०च्या दशकात ही गाळणी घराच्या मापात आणली. तिची बाहेरची नळी अशा उंचीवर असते, की धार थांबल्यावरही वाळूवर सुमारे ५ सेंमी पाणी उरते. एवढ्या उथळ पाण्यातून सायीला प्राणवायू मिळतो आणि ती सुकतही नाही.

आता वेग पाहू. वाळूचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंमी असेल, तर मिनिटाला ४०० मिलीलिटर ही मर्यादा. म्हणजे पाणी तासाला ४० सेंमी उतरते. टाकी काठोकाठ भरून लिटरची बाटली लावावी. ती अडीच मिनिटांच्या आत भरली, तर वाळू जाड आहे किंवा जास्त धुतल्याने तिची बारीक भुकटी निघून गेली आहे. ०.७ मिमी चाळणीतून गाळलेली, बेताने धुतलेली वाळू पुन्हा भरावी.

धार फारच मंदावली, तर वरचा थर हाताने हलकेच ढवळून गढूळ पाणी उपसावे. साय सावरेपर्यंत पुन्हा उकळणे आले. क्षार आणि फ्लोराइड मात्र हिच्यातून सरळ निघून जातात.