पहिला माणूस नेमताना

इलेक्ट्रिकल सामानाचं घाऊक दुकान. मालकाला बिलिंग आणि हिशेबासाठी पहिल्यांदाच माणूस ठेवायचाय. जाहिरात देताच व्हॉट्सॲपवर बायोडेटांचा ढीग पडतो आणि बहुतेकांवर 'टॅली, जीएसटी, एक्सेल' हेच तीन शब्द असतात.

बायोडेटा उघडण्याआधी कागदावर लिहावं, की हा माणूस रोज नेमकं काय करणार? बिलं करणं, खरेदीच्या नोंदी, उधारीचा पाठपुरावा. यातलं ज्याच्यावाचून अडेल तेवढंच अट म्हणून धरायचं आणि प्रत्येक अर्ज त्याच अटींवर तपासायचा. नाहीतर सुबक छपाई, ओळखीचं गाव, आपलंच कॉलेज यांवर मन जातं. पदवीचा आग्रह तर इथे सरळ सोडावा.

'जीएसटीचं काम केलं' म्हणजे काय, हे बायोडेटा सांगत नाही. रिटर्न स्वतः भरलं, की बिलं गोळा करून सीएकडे पोचवली? दोन्ही कामंच, पण पगार वेगळा. फोनवर विचारावं, "महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला तुमच्याकडे काय चालायचं?" दरमहा रिटर्न भरणारा जीएसटीआर-1 आणि 3बी ही नावं पटकन घेतो.

मग निवडक तिघा-चौघांना अर्ध्या तासाचं एकच काम द्यावं: दहा जुनी बिलं, ग्राहकांची नावं झाकून. त्यात महाराष्ट्रातून बेळगावला पाठवलेल्या मालाच्या बिलात मुद्दाम आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी लावून ठेवावा. कुणी निमूटपणे नोंदवतो, कुणी थांबून विचारतो.